नोटीस पिरियड ९० दिवस, नव्या कंपनीला हवंय ६० दिवसांत: जॉइनिंग डेट पुढे कशी मागायची?

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना तारखा आणि आकडे निसटतात, म्हणून खास वाचणाऱ्यांसाठी.)

मागच्या काही भागांनंतर इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आज घेतोय. प्रश्न साधारण असा असतो: "दादा, ऑफर आली. पण त्यांना दोन महिन्यांत माणूस हवाय आणि माझा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे. एचआरला तारीख पुढे ढकला म्हटलं तर ऑफर जाईल का?"

सरळ उत्तर आहे, जाऊ शकते. पण बहुतेक वेळा ती मागितल्यामुळे जात नाही, मागण्याच्या पद्धतीमुळे जाते. मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफर घेणाऱ्या बाजूला बसलोय, आणि गेली दोन-तीन वर्षं टीमसाठी इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाजूलाही बसतोय. त्यामुळे उमेदवाराने तारीख पुढे मागितली की पलीकडे काय बोलणं होतं ते ठाऊक आहे. तिथूनच सुरुवात करतो.

पलीकडच्या माणसाला भीती कशाची असते?

आपल्याला वाटतं, कंपनीला घाई आहे म्हणून ते लवकरची तारीख देतात. ते खरं असतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की भारतातल्या आयटीमध्ये ९० दिवसांचा नोटीस पिरियड म्हणजे उमेदवारासाठी ९० दिवसांचा बाजार. हातात एक ऑफर असते, राजीनामा दिलेला असतो, प्रोफाइलवर "सर्व्हिंग नोटीस" लिहिलेलं असतं आणि फोन वाजत राहतो. तीन महिन्यांत आणखी दोन ऑफर येतात, आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी उमेदवाराचा फोन बंद लागतो. प्रत्येक रिक्रूटरने हे भोगलंय.

म्हणून तुम्ही "मला दीड महिना जास्त लागेल" म्हणता, तेव्हा त्याच्या कानात "मला फिरायला दीड महिना जास्त द्या" असं पडतं. तुमची विनंती मान्य व्हायला हवी असेल, तर ही शंका मिटवायची जबाबदारी तुमची. तुम्ही किती नाइलाजात आहात, मॅनेजर किती कडक आहे, हे सांगून ती मिटत नाही. तारीख, कागद आणि हिशोब दाखवला की मिटते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची खरी अडचण विचारून घ्या. सर्व्हिस कंपनी असेल तर बऱ्याचदा क्लायंटचं बिलिंग अमुक तारखेला सुरू होणार असतं, आणि तेव्हा खुर्चीत माणूस नसेल तर ती जागा दुसरीकडे जाते. तिथे तारीख खरोखर ताठ असते. प्रॉडक्ट कंपनीत टीम वाढवायला जागा काढली असेल, तर तारीख बहुधा टेम्प्लेटमधून आलेली असते आणि सहज हलते. हे कळायला एकच प्रश्न पुरतो: "ही तारीख प्रोजेक्टच्या सुरुवातीशी जोडलेली आहे का?" हा प्रश्न विचारायला कोणी घाबरू नये. एचआर त्याचं उत्तर देतात.

विनंती ऑफरनंतर नाही, पहिल्या कॉलवर सुरू होते

पहिल्या फोनवर रिक्रूटर विचारतो: "नोटीस किती? निगोशिएबल आहे का?" इथे बरेच जण "९० आहे, पण ३० मध्ये होईल" असं सांगून टाकतात. का, तर नाहीतर फोन ठेवून देतील. मग तो "३०" रिक्रूटरच्या शीटमध्ये जातो, तिथून हायरिंग मॅनेजरकडे जातो, आणि ऑफर लेटरवर त्याच हिशोबाने तारीख छापली जाते. आता तुम्ही मागताय ती नवी तारीख नसते. दिलेला शब्द तुम्ही मागे घेताय, असं ते होतं.

त्यापेक्षा असं सांगा: "कागदावर ९० दिवस आहेत. कंपनी बायआउट देते, पण ते मॅनेजरच्या मंजुरीवर आहे. मी लवकर सुटायचा प्रयत्न करेन, पण खात्री देऊ शकतो ती ९० दिवसांचीच." काही ठिकाणी इथेच दार बंद होईल. होऊ द्या. त्यांना खरंच १५ दिवसांत माणूस हवा असतो, आणि तीन राउंड देऊनही शेवटी तेच झालं असतं.

एक हिशोब, तारखांसकट

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी धरलेले आहेत, पण कॅलेंडर खरं आहे, २०२५ चं. समजा पुण्यातली एक मुलगी आहे. हिंजवडीत सर्व्हिस कंपनीत चार वर्षं काम करतेय. महिन्याचा बेसिक ३६,००० रुपये. नोटीस ९० दिवस. सोमवारी, २ जूनला तिला बाणेरमधल्या एका कंपनीची ऑफर आली. लेटरमध्ये दोन तारखा आहेत: शुक्रवार, ६ जूनपर्यंत ऑफर स्वीकारा, आणि १ ऑगस्टला रुजू व्हा.

या दोन तारखा वेगळ्या आहेत, हे नीट बघा. पहिली ऑफरची मुदत, दुसरी जॉइनिंगची. बहुतेक लेटरमध्ये एक ओळ असते, की ठरलेल्या तारखेला रुजू न झाल्यास ही ऑफर रद्द समजावी. म्हणजे १ ऑगस्टच्या लेटरवर सही करून "बघू नंतर" म्हणणं धोक्याचं आहे. सही करतानाच तुम्हाला माहीत असतं की ती तारीख पाळता येणार नाही. तारीख बदलायची ती सहीच्या आधी.

तिने आधी स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर आणि एचआर पोर्टलवरची एक्झिट पॉलिसी उघडली. त्यात चार गोष्टी शोधल्या. दिवस कॅलेंडरचे की कामाचे? बहुतेक ठिकाणी कॅलेंडरचे. मोजणी कधीपासून, राजीनामा टाकल्यापासून की मॅनेजरने स्वीकारल्यापासून? नोटीसमध्ये सुट्टी घेतली तर तेवढे दिवस पुढे ढकलतात का? बऱ्याच कंपन्या ढकलतात. आणि बायआउट मिळतं का, मिळत असेल तर कशावर: बेसिकवर की पूर्ण ग्रॉसवर? हा शेवटचा फरक मोठा आहे. ग्रॉसवर असेल तर रक्कम बेसिकच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकते.

मग मोजणी. तिने धरलं की राजीनामा सोमवारी, ९ जूनला टाकेन, म्हणजे सुधारित लेटर हातात आल्यावर. तो पहिला दिवस. जूनचे २२ दिवस, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, झाले ८४. उरले ६. म्हणजे नव्वदावा दिवस ६ सप्टेंबर. आता कॅलेंडर बघा: ६ सप्टेंबर २०२५ म्हणजे शनिवार, आणि त्यात अनंत चतुर्दशी. पुण्यात त्या दिवशी कोण लॅपटॉप जमा करून घेणार? शेवटचा दिवस एकतर शुक्रवारी ५ तारखेला येणार, नाहीतर सोमवारी ८ ला जाणार. हे आपल्या हातात नाही, एचआरच्या हातात आहे.

मग तिने नवीन कंपनीकडे ८ सप्टेंबर मागायची का? नाही. मॅनेजरने राजीनामा दोन दिवस उशिरा स्वीकारला, मध्ये ताप येऊन दोन दिवस रजा पडली, की ८ तारीख हुकलीच. मग जॉइनिंगच्या आठवड्यात पुन्हा तारीख मागायची वेळ येते, आणि ही दुसरी विनंती पहिलीपेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून तिने मागितली सोमवार, १५ सप्टेंबर. एक आठवडा मोकळा ठेवला. एक आठवडा समजण्यासारखा असतो. तीन आठवडे मागितले तर पुन्हा तोच संशय येतो.

दोन तारखा द्यायच्या: एक पक्की, एक प्रयत्नाची

आजच्या भागातली मुख्य गोष्ट हीच आहे. नुसती १५ सप्टेंबर सांगितली, तर एचआरला १ ऑगस्टपासून ४५ दिवसांचा खड्डा दिसतो. नुसती लवकरची तारीख सांगितली, तर तुम्ही अशा गोष्टीचं वचन देताय जी तुमच्या हातात नाही. म्हणून दोन्ही सांगायच्या.

तिने दुसरी तारीख अशी काढली. शुक्रवार, २२ ऑगस्टपर्यंत काम केलं तर जूनचे २२, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे २२ मिळून ७५ दिवस होतात. १५ दिवस कमी पडतात. बेसिक ३६,००० म्हणजे दिवसाला १,२०० रुपये, म्हणून बायआउट १८,००० रुपये. मग सोमवारी, २५ ऑगस्टला रुजू. दोनच दिवसांनी, २७ तारखेला गणपती बसणार, पण तो भाग वेगळा.

तुलनेसाठी तिने १ ऑगस्टचाही हिशोब केला. ३१ जुलैपर्यंत ५३ दिवस भरतात, ३७ कमी पडतात. बारा-शे गुणिले ३७, म्हणजे ४४,४०० रुपये. पण पैशाचा प्रश्न नंतरचा. ३७ दिवसांचं बायआउट मॅनेजर मंजूर करण्याची शक्यताच कमी, कारण त्याला दुसरा माणूस शोधून, त्याला काम समजावून द्यायचंय. पंधरा दिवस मागितले तर तो विचार तरी करतो.

आता मेल. ऑफिसचा मेल बहुतेक इंग्रजीतच जाईल, पण आशय असा हवा:

> नमस्कार,
>
> ऑफरबद्दल आभार. मला ती स्वीकारायची आहे. त्याआधी जॉइनिंगच्या तारखेबद्दल एक विनंती आहे.
>
> माझा नोटीस पिरियड ९० कॅलेंडर दिवसांचा आहे. त्याचं कलम सोबत जोडलं आहे. सुधारित ऑफर लेटर ६ जूनपर्यंत मिळालं तर मी ९ जूनला राजीनामा देईन. त्या हिशोबाने नोटीस ६ सप्टेंबरला संपते. म्हणून लेटरमध्ये जॉइनिंगची तारीख १५ सप्टेंबर करावी, ही विनंती.
>
> लवकर येण्याचा मी प्रयत्न करेन. १५ दिवसांचं बायआउट मंजूर झालं तर २५ ऑगस्टला रुजू होऊ शकेन. मात्र ते माझ्या सध्याच्या कंपनीच्या मंजुरीवर अवलंबून आहे, म्हणून ती तारीख मी पक्की धरलेली नाही.
>
> राजीनामा दिल्यावर त्याची पोच आणि शेवटच्या दिवसाची तारीख आली की तुम्हाला लगेच पाठवेन.

बस, एवढंच. यात काय नाही तेही बघा. आईची तब्येत नाही, "माझी खूप इच्छा आहे पण" नाही, मॅनेजरच्या तक्रारी नाहीत. आणि शेवटची ओळ सगळ्यात जास्त काम करते. राजीनाम्याची पोच पाठवेन म्हणणारा उमेदवार बाजारात फिरायला वेळ मागत नाहीये, हे तिच्यातून कळतं. एक सूचना: नोटीसच्या कलमाचा स्क्रीनशॉट पाठवताना पगाराचा आणि क्लायंटचा भाग झाका. फक्त कलम पुरतं.

मेल पाठवल्यावर एक फोनही करा. पण आधी मेल, मग फोन. फोनवर ठरलेलं हवेत राहतं. मेल असला की एचआर तोच पुढे ढकलून हायरिंग मॅनेजरची मंजुरी घेतो.

ते काय म्हणतील, आणि मग आपण काय म्हणायचं

साधारण तीन उत्तरं येतात.

पहिलं: "ठीक आहे, लेटर बदलून देतो." मग लेटर येईपर्यंत थांबा. "सिस्टीममध्ये अपडेट होईल, तुम्ही राजीनामा टाकून द्या," असं प्रेमाने सांगितलं जातं. नाही टाकायचा. तारीख बदललेलं लेटर, किंवा निदान एचआरच्या कंपनीच्या आयडीवरून "तुमची जॉइनिंग डेट १५ सप्टेंबर आहे" असा स्पष्ट मेल, हातात आला की मगच. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चालणार नाही. आणि रिक्रूटर बाहेरच्या कन्सल्टन्सीचा असेल तर त्याचा शब्दही चालणार नाही. कंपनीचंच पत्र हवं.

दुसरं: "तारीख देतो, पण आधी राजीनाम्याची पोच दाखवा." ही अंडं आधी की कोंबडी आधी अशी गोष्ट झाली. तुम्ही लेटरशिवाय राजीनामा देणार नाही, ते पोचेशिवाय लेटर देणार नाहीत. मधला रस्ता असतो: लेटर आधी १५ सप्टेंबरचं, पण त्यात अट, की सही केल्यापासून सात दिवसांत राजीनाम्याची पोच द्यावी, नाहीतर ऑफर रद्द. दोघांचंही भागतं. ही अट तुम्हीच सुचवली तर अजून बरं.

तिसरं: "१५ सप्टेंबर जमत नाही. २५ ऑगस्ट लेटरमध्ये घालू आणि बायआउटचे पैसे आम्ही देऊ." गोड वाटतं, आणि इथेच लोक अडकतात. पैसे ते देतील हो, पण परवानगी तर जुनी कंपनी देणार. अनेक पॉलिसींत बायआउट हा तुमचा हक्क नसतो, कंपनीच्या मर्जीवर असतं. लेटरमध्ये २५ ऑगस्ट आली आणि मॅनेजर नाही म्हणाला, तर तुम्ही दोन्हीकडून अडकलात. म्हणून लेटरमध्ये नेहमी वाईटात वाईट परिस्थितीतली तारीख. लवकर सुटलात तर तारीख अलीकडे घ्यायला कुठल्याच एचआरला त्रास होत नाही. पुढे ढकलायला होतो.

बायआउटच्या पैशांबद्दल दोन गोष्टी लिहून घ्या. एक, ते परत देताना बहुधा पगारात जमा होतात आणि त्यावर पगारासारखाच कर कापला जातो. म्हणजे १८,००० भरले तरी हातात १८,००० येत नाहीत. दोन, त्याला अट असते, बऱ्याचदा एका वर्षाची. वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावे लागतात. दोन्ही गोष्टी मान्य असतील तर जरूर घ्या, पण आधी वाचा.

आणि कधीकधी चौथं उत्तर येतं: "नाही जमणार, क्लायंट थांबत नाही." इथे ओढाताण करू नका. एवढंच विचारा, की याच टीममध्ये सप्टेंबरनंतरची जागा निघेल का. निघाली तर इंटरव्ह्यू पुन्हा द्यावे लागत नाहीत. आणि तुम्ही राजीनामा दिलेला नसल्यामुळे तुमची नोकरी जागच्या जागी आहे.

राजीनाम्यानंतर: काम अर्धंच झालंय

आपल्या मुलीला १५ सप्टेंबरचं लेटर मिळालं. ९ जूनला तिने राजीनामा टाकला. पोर्टलवर शेवटच्या दिवसाची तारीख आली: ८ सप्टेंबर. तिने त्याच दिवशी तो मेल नव्या एचआरला पाठवला. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी दोन ओळी: "नॉलेज ट्रान्सफर सुरू झालं आहे, तारीख कायम आहे." कोणी मागितलं नव्हतं. पण पलीकडे जो रिक्रूटर दर सोमवारी "कोण येणार, कोण गळणार" अशी यादी करतो, त्याच्या यादीत ती "येणार"मध्ये राहते. मधल्या काळात कंपनीचं बजेट कापलं गेलं तर कोणाच्या ऑफरवर आधी काट मारायची, हे ठरवताना गप्प बसलेले उमेदवार आधी दिसतात.

बायआउट तिने राजीनाम्याबरोबर मागितलं नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मागितलं. तोवर बदली माणूस आला होता, कामाची यादी आणि रनबुक लिहून झालं होतं, आणि दोन रिलीज त्याने एकट्याने केले होते. मॅनेजरसमोर कारण मांडता आलं: "२२ ऑगस्टनंतर माझ्याकडे करण्यासारखं काही उरत नाही." मॅनेजरने मंजूर केलं. १८,००० फुल अँड फायनलमधून वजा होणार होते. ती २५ ऑगस्टला रुजू झाली.

आता समजा उलटं झालं असतं. ऑगस्टमध्ये मॅनेजर म्हणाला असता, "रिलीज आहे, सप्टेंबरअखेरपर्यंत थांब." हे सर्रास होतं. इथे कायदा थोडा माहीत असू द्या. भारतात कोर्ट सहसा कोणाला त्याच्या मर्जीविरुद्ध नोकरीत राहून काम करायचा हुकूम देत नाही. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट १९६३ चं तत्त्व तेच आहे. करार मोडला तर कंपनी पैशांची मागणी करू शकते. पण तुम्ही ९० दिवस पूर्ण भरलेत, तर मोडलेलंच काही नाही. नोटीस संपली म्हणजे संपली. करारात नसेल तर मॅनेजरला ती एकतर्फी वाढवता येत नाही. तेव्हा त्याला नम्रपणे मेल करा: "माझी नोटीस पॉलिसीप्रमाणे ८ सप्टेंबरला पूर्ण होते, त्यानंतरच्या तारखेला मी बांधील नाही." हा मेल एचआरलाही ठेवा, नुसता मॅनेजरला नको.

मात्र नोटीस न भरता निघून जाणं हा वेगळा विषय आहे. तिथे पैसे तर जातातच, रिलीव्हिंग लेटरही अडकतं. आणि नव्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला नेमकं तेच हवं असतं. काहींना वाटतं, दोन आठवडे दोन्हीकडे काम करू, कोणाला कळतंय. पीएफच्या खात्यात कळतं. दोन्ही कंपन्या एकाच यूएएनवर पैसे भरतात, आणि जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख नव्या कंपनीच्या रुजू तारखेनंतरची आली की ते सर्व्हिस हिस्ट्रीत दिसतं. पुढे पीएफ ट्रान्सफर करतानाही हाच ओव्हरलॅप आडवा येतो.

मधल्या दिवसांची सोय

शेवटचा छोटा मुद्दा, जो कोणी सांगत नाही. तारीख पुढे मागताना आपण एक आठवडा मोकळा ठेवला. त्या आठवड्यात पगार नाही, हे सगळ्यांना कळतं. पण कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही नाही. जुना बहुधा शेवटच्या दिवशी संपतो, नवा रुजू झाल्यावर सुरू होतो. आई-बाबांची नावं त्यात असतील आणि कोणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल, तर त्या तारखा आधी जुळवा. शिवाय फुल अँड फायनलला साधारण महिना-दीड महिना लागतो, आणि अनेक कंपन्या शेवटच्या महिन्याचा पगारही त्यातच धरून ठेवतात. ज्यांचा ईएमआय ५ तारखेला जातो, त्यांनी निदान दोन हप्त्यांची सोय बाजूला ठेवावी.

आणि नव्या एचआरला एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: पहिल्या दिवशी रिलीव्हिंग लेटर लागेलच का, की राजीनामा स्वीकारल्याचा मेल चालेल? अनेक ठिकाणी लेटर शेवटच्या दिवसानंतर काही दिवसांनी येतं. नवी कंपनी लेटरशिवाय घेत नसेल, तर तुमचा मोकळा आठवडा त्यासाठीच खर्च होणार आहे, हे धरून तारीख मागा.

तर आज इतकंच. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमधलं नोटीसचं कलम कोड्यात टाकणारं असेल, तर नाव, पगार आणि कंपनी झाकून ते कमेंटमध्ये टाका. जी कलमं पुन्हा पुन्हा दिसतील, ती पुढच्या भागात एकेक करून वाचू. भेटू.